शेष लाभांश धोरण: ‘उरलेलं’ मोजताना या चुका टाळा

शेष लाभांश धोरणाचा हिशोब एका ओळीत बसतो. चांगल्या प्रकल्पांना लागणाऱ्या पैशातला भागधारकांचा वाटा आधी नफ्यातून बाजूला काढायचा आणि उरेल तेवढाच लाभांश द्यायचा. ही एक ओळ वापरताना अनुभवी लेखापालही चुकतात. बहुतेक चुका वजाबाकीत नसतात. कशातून काय वजा करायचं, हेच चुकतं.

एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. सगळे आकडे कोटींत आहेत. कंपनीत एकूण भांडवल ५००, त्यात भागभांडवल (राखीव नफ्यासह) ३०० आणि कर्ज २००. म्हणजे ६०:४०, आणि संचालक मंडळाला हेच प्रमाण टिकवायचं आहे. यंदाचा करोत्तर नफा १००. भागधारकांची अपेक्षा १५ टक्के परताव्याची आहे. कर्ज १० टक्क्यांचं आहे, पण व्याजावर २५ टक्के कर वाचत असल्यामुळे ते प्रत्यक्षात साडेसात टक्क्यांना पडतं. भांडवलाचा सरासरी खर्च काढला तर १५ चे ६० टक्के म्हणजे ९ आणि साडेसातचे ४० टक्के म्हणजे ३, मिळून १२ टक्के.

समोर तीन प्रकल्प आहेत. पहिला ५० चा, परतावा १८ टक्के. दुसरा ६० चा, परतावा १४ टक्के. तिसरा ४० चा, परतावा ९ टक्के. बाराची रेषा पहिले दोन ओलांडतात, त्यामुळे गुंतवणूक ११० ची. तिच्यातला भागधारकांचा वाटा ६० टक्के म्हणजे ६६. नफा १०० वजा ६६, लाभांश ३४. उरलेले ४४ नव्या कर्जातून येतील.

चूक: नफ्यातून अख्खी गुंतवणूक वजा करणं

ही सर्वांत जास्त दिसते. १०० मधून ११० वजा केले जातात, उत्तर उणे येतं आणि मंडळासमोर टिपण जातं: ‘यंदा लाभांश नाही, शिवाय १० चे नवे समभाग काढावे लागतील.’ दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत.

चूक झाली की नाही हे ओळखायला वर्षअखेरचा ताळेबंद मनात मांडून पाहावा. बरोबर हिशोबात भागभांडवल ३६६ आणि कर्ज २४४ होतं. एकूण ६१०, प्रमाण पुन्हा ६०:४०. चुकीच्या हिशोबात भागभांडवल ४१० होतं, कर्ज २०० वरच राहतं आणि भागभांडवलाचा वाटा ६७ टक्क्यांवर जातो. जे प्रमाण टिकवायचं ठरलं होतं तेच मोडतं, आणि १५ टक्के मागणारा महाग पैसा साडेसात टक्क्यांच्या पैशाच्या जागी वापरला जातो. ताळेबंदातलं प्रमाण ठरलेल्या जागी येत नसेल तर वजाबाकीत काहीतरी चुकीचं घातलं गेलं आहे असं समजावं.

हा पडताळा एका गृहीतावर उभा आहे, वर्षाच्या सुरुवातीला प्रमाण ६०:४० असावं लागतं. आधीच कर्ज जास्त झालं असेल, तर नव्या गुंतवणुकीचे ६० टक्के घालून जुनी तूट भरून निघत नाही. तेव्हा वर्षअखेरीस किती भागभांडवल हवं ते काढावं, त्यातून आजचं भागभांडवल वजा करावं, आणि जेवढा फरक येईल तेवढा नफा राखावा.

चूक: राखलेला नफा फुकट समजणं

लाभांशाचे ३४ हातात दिसले की कुणीतरी तिसरा प्रकल्प पुढे सरकवतं. ‘कर्ज साडेसातचं आहे, प्रकल्प नऊ देतो, मग सोडायचा का?’ युक्तिवाद वरवर पटतो, म्हणून तो आकड्यात उतरवून पाहू. ४० चा प्रकल्प ९ टक्क्यांनी वर्षाला ३.६ देईल. त्यातलं कर्ज १६, त्यावरचा करोत्तर खर्च १.२. भागधारकांच्या २४ वर उरले २.४, म्हणजे १० टक्के. त्यांना १५ हवे होते. हे २४ त्यांच्या हाती दिले असते तर तेवढ्याच जोखमीवर १५ टक्के देणारी दुसरी जागा त्यांनी शोधली असती.

हीच आकडेमोड दुसऱ्या प्रकल्पाला लावा. ६० वर १४ टक्के म्हणजे ८.४. कर्ज २४, त्याचा खर्च १.८. भागधारकांच्या ३६ वर ६.६, म्हणजे १८ टक्क्यांहून जास्त. आता उलटी चूक लक्षात येईल. गेल्या वर्षी लाभांश ६० होता म्हणून यंदाही ६० द्यायचाच, असं आधी ठरलं तर गुंतवणुकीला भागधारकांचे फक्त ४० उरतात आणि दुसरा प्रकल्प कापावा लागतो. भागधारकांना आज थोडं जास्त मिळतं, पण त्यांचेच १८ टक्के हातचे जातात. या धोरणात प्रकल्प आधी ठरतात, लाभांश नंतर. हा क्रम उलटला की ते शेष धोरण उरत नाही, नाव काहीही ठेवा.

चूक: घसारा आणि खेळतं भांडवल विसरणं

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, कारण ही चूक ताळेबंदात उशिरा दिसते.

समजा खरेदी विभागाकडून आलेला आकडा ११० नसून १४० आहे, कारण त्यात जुनी यंत्रं बदलण्याचे ३० धरले आहेत. वर्षाचा घसाराही ३० च आहे. १४० चे ६० टक्के म्हणजे ८४, लाभांश फक्त १६, असा हिशोब कुणी मांडेल. पण घसारा नफा काढतानाच वजा झालेला असतो आणि त्यासाठी रोख पैसा बाहेर गेलेला नसतो. तो पैसा कंपनीतच आहे. म्हणून हिशोबात घसारा वगळून उरलेली निव्वळ गुंतवणूक घ्यायची: १४० वजा ३०, म्हणजे ११०.

रोखीने पडताळून पाहा. नफा १००, घसारा ३०, नवं कर्ज ४४, मिळून १७४ आले. खर्च १४०. उरले ३४. लाभांशाचा आकडा आणि उरलेली रोख जुळली. प्रत्येक वर्षी हा पडताळा टिपणाच्या तळाशी असावा असा माझा आग्रह आहे.

उलट दिशेची चूक खेळत्या भांडवलाची. दुसऱ्या प्रकल्पाच्या ६० मध्ये यंत्रं ४५ ची आहेत आणि वाढीव माल व उधारीत १५ अडकणार आहेत. यंत्रांचाच आकडा घेतला तर गुंतवणूक ९५, भागधारकांचा वाटा ५७, लाभांश ४३ आणि नवं कर्ज ३८ दिसतं. सगळं छान वाटतं. मग विक्री वाढते, माल साठतो, उधारी थकते आणि ते १५ बँकेच्या ओव्हरड्राफ्टमधून उचलले जातात. वर्षअखेरीस कर्ज २५३, भागभांडवल ३५७, वाटा ५८.५ टक्के. एका वर्षात दीड टक्का कुणाला खुपत नाही. लाभांशानंतरच्या महिन्यांत ओव्हरड्राफ्ट वाढत जातो आणि परत खाली येत नाही, ही या चुकीची खूण. तो वाढवलेल्या मर्यादेत कायमचा राहत असेल तर लाभांशाचा काही भाग उधारीवर दिला गेला आहे.

चूक: वर्षाचा शेष म्हणजेच वर्षाचा लाभांश

आता पुढची पाच वर्षं घ्या. नफा अनुक्रमे १००, ९०, १०५, ११५, १३०. निव्वळ गुंतवणूक ११०, १६०, ६०, १८०, ९०. दर वर्षी नियम काटेकोर लावला तर शेष येतो ३४, उणे ६, ६९, ७ आणि ७६.

दुसऱ्या वर्षी नेमकं काय झालं? नफ्याला भागधारकांच्या वाट्याने भागलं, ९० भागिले ०.६, तर १५० येतात. इतकी गुंतवणूक नवे समभाग न काढता झेपते. गुंतवणूक १६० ची आहे, म्हणून ६ कमी पडतात. एवढ्याशा रकमेसाठी समभाग काढणं म्हणजे मध्यस्थांची फी आणि कायदेशीर खर्चच अंगावर घेणं. १९६१ मध्ये अर्थतज्ज्ञ मिलर आणि मॉडिग्लियानी यांनी दाखवलं की कर आणि समभाग काढण्याचा खर्च नसेल तर लाभांशाच्या धोरणाने कंपनीचं मूल्य बदलत नाही. राखलेल्या नफ्याला प्राधान्य देण्याचं मोठं कारण हा खर्चच आहे. तो वाचवायचं धोरण घेऊन सहासाठी तोच खर्च करणं विसंगत आहे.

दुसरी अडचण बाहेर दिसते. लाभांश ३४ वरून शून्यावर आला की बाजार त्याचा अर्थ ‘कंपनी अडचणीत आहे’ असा लावतो. खरं तर त्या वर्षी चांगले प्रकल्प आधीच्या वर्षापेक्षा जास्त होते. अर्थतज्ज्ञ लिंटनर यांनी १९५६ मध्ये २८ कंपन्यांच्या व्यवस्थापनांशी बोलून मांडलं होतं की लाभांश कमी करण्याची वेळ येऊ नये म्हणून तो सावकाश वाढवला जातो. शेष धोरण वर्षाला बांधलं तर या सवयीशी त्याची थेट टक्कर होते.

म्हणून शेष पाच वर्षांचा मिळून काढावा. एकूण नफा ५४०, एकूण गुंतवणूक ६००, तिच्यातला भागधारकांचा वाटा ३६०, शेष १८०. वर्षाला सरासरी ३६. पण लाभांश ३६ वर ठेवू नका, अंदाज चुकतात. २८ पासून सुरुवात करून २८, ३०, ३२, ३३, ३४ असा चढता ठेवा, बेरीज १५७.

मधल्या वर्षांत ओढाताण किती होते ते तपासलंच पाहिजे. दुसऱ्या वर्षाअखेर एकूण भांडवल ७७०, भागभांडवल ४३२, म्हणजे ५६ टक्के. ठरलेल्या प्रमाणापेक्षा ३० कमी, तेवढं कर्ज तात्पुरतं जास्त. तिसऱ्या वर्षी तूट भरून निघते, चौथ्या वर्षी पुन्हा १९ कमी पडतात, पाचव्या वर्षी वर जातं. यासाठी मंडळाने ‘६० टक्के’ असं एकच टोक न ठरवता ५५ ते ६५ असा पट्टा मंजूर केलेला हवा, आणि कर्जाच्या करारातल्या अटीही तेवढी सूट देत असल्या पाहिजेत. करारात भागभांडवलाची किमान मर्यादा ५८ टक्क्यांची असेल तर दुसऱ्याच वर्षी ती मोडेल. मग पहिला लाभांश २८ हून बराच खाली आणावा लागेल, नाहीतर १६० मधला एखादा प्रकल्प वर्षभर पुढे ढकलावा लागेल.

पाच वर्षांनी १८० मधले २३ शिल्लक राहतात. ते नियमित लाभांशात मिसळू नयेत. एकदा ३४ चे ५७ झाले की पुढच्या वर्षी लोक ५७ चीच वाट पाहतात. ही रक्कम विशेष लाभांश म्हणून वेगळ्या नावाने द्यावी किंवा तिच्यातून समभाग परत खरेदी करावेत, तेही सहाव्या वर्षाच्या प्रकल्पांची यादी हातात आल्यावर.