वारस नोंदीचा अर्ज: कुठल्या रकान्याला कुठला कागद

तासगावच्या मावशीने काका गेल्यावर वारस नोंदीच्या कोऱ्या अर्जाचा फोटो पाठवला. फोटो मोठा करून मी एकेक रकाना वहीत उतरवला आणि पुढे लिहिलं, ही माहिती कुठून उचलायची. गट क्रमांक आणि क्षेत्र सातबाऱ्यावरून, खाते क्रमांक आठ-अ वरून, मृत्यूची तारीख दाखल्यावरून. आठवणीतून काहीच नाही.

घोळ नावात होता. सातबाऱ्यावर 'बाबू', मृत्यू दाखल्यावर 'बाबुराव'. तलाठी इथेच अडवणार. म्हणून मयताच्या रकान्यात नमुना दिला: 'बाबुराव उर्फ बाबू', आणि दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र सोबत जोडायला सांगितलं.

वारसांच्या तक्त्यात मावशी फक्त मुलांची नावं घालणार होती. "अगं, लग्न झालेली मुलगीही वारसच," मी म्हटलं. तिची ओळ अशी केली: सासरचं नाव आधारप्रमाणे, कंसात माहेरचं नाव, नातं 'मुलगी', पत्ता सासरचा. माहेरच्या नावासाठी शाळा सोडल्याचा दाखला जोडला. तिला हक्क सोडायचा असेल, तर ते वेगळं नोंदणीकृत हक्कसोडपत्र. या तक्त्यातून नाव गाळून तो सुटत नाही.

सहीचा रकाना मात्र कोराच ठेवला.