बँकेचा इंग्रजी ईमेल आत्याला मराठीत कसा लिहून द्यावा

एटीएममधून नोटा आल्या नाहीत, खात्यातून पैसे मात्र गेले. तक्रार केली आणि आता बँकेचा लांबलचक इंग्रजी ईमेल आलाय. तो घरातल्या वडीलधाऱ्यांना मराठीत लिहून द्यायचा असेल, तर ‘काही गाळू नका, ओळीन् ओळ उतरवा’ हा सल्ला आधी बाजूला ठेवा. अशा ईमेलात निम्मी दिलगिरी, जाहिरात आणि कायदेशीर सूचना असते. ती खुशाल गाळा.

पैसे परत देण्यासाठी लिंक उघडायला सांगितली असेल किंवा पिन-ओटीपी मागितला असेल, तर मराठीत काही लिहूच नका. तो ईमेल बँकेचा नाही, एवढंच आत्याला सांगा.

‘डिस्प्यूट’ला वाद आणि ‘क्लेम’ला दावा लिहू नका. दावा म्हटलं की आत्याला कोर्ट दिसतं. दोन्हीला तक्रार म्हणा. तक्रार क्रमांक ईमेलात आहे तसाच, इंग्रजी आकड्यांत ठेवा, कारण तो काउंटरवर वाचून दाखवायचा असतो.

आता खरी अडचण. ईमेलात सगळं ‘केलं गेलं’, ‘आढळलं’, ‘केलं जाईल’ असं असतं. कुणी केलं याचा पत्ता नसतो. आत्याला हवं असतं एकच: पैसे आत्ता कुठे आहेत आणि कुणाच्या हातात आहेत. म्हणून प्रत्येक वाक्याला कर्ता जोडा. ‘आपली बँक’ म्हणजे खातं असलेली आणि ‘एटीएमवाली बँक’ म्हणजे मशीन ज्यांचं ती, एवढे दोघे पुरतात.

सगळ्यात फसवं वाक्य म्हणजे ‘ट्रान्झॅक्शन सक्सेसफुल आढळलं, म्हणून क्लेम क्लोज केला’. याचं ‘व्यवहार यशस्वी झाला’ असं मराठी केलंत, तर आत्या देवापुढे साखर ठेवेल. प्रत्यक्षात तिची तक्रार फेटाळली गेलीय! तिथे असं लिहा: ‘एटीएमवाली बँक म्हणते, मशीनच्या नोंदीप्रमाणे नोटा बाहेर आल्या होत्या. म्हणून आपल्या बँकेने पैसे द्यायला नकार दिलाय.’

‘रिव्हर्स’ हाही असाच दुतोंडी. ‘अमाउंट रिव्हर्स होईल’ म्हणजे पैसे परत मिळतील. पण ‘टेम्पररी क्रेडिट रिव्हर्स होऊ शकतं’ म्हणजे दिलेले पैसे बँक पुन्हा काढून घेऊ शकते. पैसे कोणत्या दिशेने जाणार ते ठरवल्याशिवाय पुढचं वाक्य लिहूच नका.

समजा, आत्याने 3 तारखेला दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर 10,000 रुपये काढायचा प्रयत्न केला. 6 तारखेला आलेल्या ईमेलात टेम्पररी क्रेडिट आणि ‘सबजेक्ट टू कन्फर्मेशन’ असं काहीबाही आहे. आत्याच्या कागदावर मोठ्या अक्षरांत एवढंच जावं:

‘आत्या, बँकेने तुझ्या खात्यात 10,000 रुपये तात्पुरते जमा केलेत. ते अजून पक्के तुझे नाहीत. एटीएमवाली बँक चौकशी करतेय. नोटा मशीनमध्येच राहिल्या असं निघालं, तर पैसे कायमचे तुझे. नोटा बाहेर आल्या असं त्यांनी सांगितलं, तर आपली बँक ते परत काढून घेईल. तोवर यातले खर्च करू नकोस.’

बँकेने तात्पुरतेही जमा केले नसतील, तर एक ओळ स्वतःची घाला, कारण ती ईमेलात बहुधा नसते. रिझर्व्ह बँकेच्या 2019च्या नियमानुसार असे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत परत जमा व्हायला हवेत. पुढच्या दर दिवसाला 100 रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाने न मागता द्यायची असते. दिवस कॅलेंडरचे मोजायचे, रविवारही धरायचा. म्हणजे आत्याची मुदत 8 तारखेला संपली. पैसे 12ला आले, तर 4 दिवसांचे 400 रुपये वेगळे. ईमेलातल्या ‘सेव्हन वर्किंग डेज’ने ही मुदत वाढत नाही. ही ओळ तुमची आहे हे कळावं म्हणून कंसात लिहा. बँकेचं म्हणणं आणि तुमचं म्हणणं एकात मिसळलं, तर आत्या काउंटरवर ‘तुम्हीच लिहिलंय की’ म्हणून भांडेल.

तक्रार फेटाळली असेल, तर कागदाच्या तळाशी पुढचं काम लिहा. त्या दिवशीची मशीनची नोंद, म्हणजे ईजे लॉग, आणि मशीनमधल्या रोकडीचा हिशेब बँकेकडे लेखी मागायचा. नोटा आत राहिल्या असतील, तर रोकड सहसा जास्त भरते. बँकेने पुन्हा नकार दिला किंवा 30 दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला फी लागत नाही. ती तक्रार तुम्हीच भरा, आत्याला फक्त तारीख सांगा.