सिरोसिसच्या रुग्णाचा केअर प्लॅन : या चुका टाळा

52 वर्षांचा एक काल्पनिक रुग्ण घेऊ. मद्यपानामुळे सिरोसिस, मध्यम जलोदर, पायांवर सूज, वजन 68 किलो. विद्यार्थी हेच 68 धरून आहार ठरवतात, आणि पहिली चूक तिथेच होते. यातलं बरंच वजन पाण्याचं आहे. मध्यम जलोदरासाठी 10 टक्के आणि पायांच्या सुजेसाठी आणखी 5 टक्के वजा केले, की कोरडं वजन साधारण 58 किलो येतं. हा अंदाजच असतो, पण आहार त्यावरच ठरवायचा. दंड आणि खांदे नीट पाहा. पोट फुगलेलं असलं तरी स्नायू झडलेले दिसतील.

दुसरी चूक मला सर्वांत घातक वाटते: ‘प्रथिने कमी द्या’ असं लिहिणं. प्रथिनांमुळे गुंगी येईल, या भीतीने रुग्णाला उपाशी ठेवलं जातं. खरं तर अमोनिया निकामी करण्याचं बरंचसं काम स्नायू करतात, म्हणून ते टिकवायला हवेत. किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम, म्हणजे या रुग्णाला रोज 70 ते 87 ग्रॅम प्रथिने लागतात. डाळ, दही, अंडी चालतील. पापड, लोणचं, फरसाण बंद. रोजचं एकूण मीठ सुमारे 5 ग्रॅम. आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने झोपण्यापूर्वी दूध-पोळी आणि केळं, म्हणजे निदान 50 ग्रॅम कर्बोदके द्या. रात्रभराच्या उपवासात हे यकृत स्नायू मोडून साखर बनवतं. पाणी मात्र सरसकट तोडू नका. ते सहसा रक्तातलं सोडियम 125 च्या खाली गेल्यावरच कमी करतात.

जलोदराची नोंद ‘पोट फुगलेलं’ इतकीच नको. रोज सकाळी लघवीनंतर, नाश्त्याआधी, त्याच काट्यावर वजन करा. घेर बेंबीपाशी मोजा आणि त्वचेवर पेनाने खूण करा, म्हणजे पुढच्या पाळीतल्या सिस्टरही तिथेच टेप लावतील. लघवीच्या गोळ्या सुरू असताना या रुग्णाचं वजन दोन दिवसांत 68 वरून 64 झालं, तर ते यश समजू नका. पायांवर सूज असताना दिवसाला 1 किलो, नसताना अर्धा किलो ही घट पुरे. त्याहून वेगाने पाणी उतरलं तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. लघवीचं प्रमाण, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पाहून लगेच डॉक्टरांना कळवा.

रक्तस्रावाबाबत ‘नाडी वाढली का ते पाहणे’ एवढंच लिहून थांबू नका. व्हेरिसेससाठी प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल चालू असेल, तर रक्त जात असूनही नाडी फारशी वाढत नाही. लॅक्टुलोजमुळे शौच पातळ होतंच, त्यामुळे काळं, चिकट शौच सहज नजरेतून सुटतं. रंग स्वतः पाहा आणि लोहाच्या गोळ्या चालू आहेत का तेही विचारा. अचानक आलेला गोंधळ किंवा गुंगी हीदेखील आतल्या रक्तस्रावाची खूण असू शकते, कारण आतड्यात रक्त पचताना अमोनिया वाढतो. अशा वेळी तोंडाने काही देऊ नका, रुग्णाला कुशीवर वळवा, रक्तदाब घ्या आणि डॉक्टर येईपर्यंत दोन मोठ्या बोअरच्या कॅन्युलांची तयारी ठेवा.