पगारी ॲडव्हान्सचं छुपं व्याज असं पकडा

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ॲडव्हान्स देताना "बिनव्याजी आहे, फक्त थोडा चार्ज" असं सांगितलं, तर कागदावरची रक्कम बाजूला ठेवा. खात्यात प्रत्यक्ष किती आले आणि पगारातून एकूण किती कापले जाणार, एवढंच बघा.

समजा 30,000 मंजूर झाले. 600 रुपये प्रोसेसिंगचे आधीच कापून खात्यात 29,400 आले आणि पुढच्या पगारापासून 5,250 चे सहा हप्ते. म्हणजे परतफेड 31,500, जादा गेले 2,100. सांगताना हे "फक्त पाच टक्के आणि किरकोळ फी" असतं. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं आणि चार्ज मात्र पूर्ण 30,000 वर लावलेला असतो. त्यामुळे खरा दर महिना 2 टक्के, म्हणजे वर्षाला 24 टक्क्यांच्या घरात जातो. खरंच बिनव्याजी असतं, तर 30,000 हातात आले असते आणि हप्ता बरोबर 5,000 बसला असता.

सही करण्याआधी हप्त्यांचा तक्ता लेखी मागाच. नंतर दर महिन्याच्या पगारपावतीवर ॲडव्हान्सची कपात वेगळ्या ओळीत आहे का ते तपासा. "इतर कपात"मध्ये मिसळली असेल तर लगेच विचारा. सातव्या महिन्याची पावती तर नक्की बघा, कारण कपात बंद करायची राहून जाते.