पॉडकास्टच्या नव्या भागाची कॅप्शन लिहिताना या चुका टाळा

"नमस्कार मंडळी, आमचा नवीन भाग आला आहे, नक्की ऐका." बडोद्यातले आणि इंदूरचे मराठी पॉडकास्ट मी नेमाने ऐकते आणि त्यांतल्या काहींच्या कॅप्शन तपासूनही देते. दर आठवड्याला ही ओळ समोर येते आणि दर वेळी मी ती आधी खोडते. इन्स्टाग्रामवर कॅप्शनच्या जेमतेम पहिल्या दीड-दोन ओळी दिसतात, बाकी मजकूर `more` च्या मागे जातो. तेवढ्याच जागेत वाचणाऱ्याला थांबवायचं असतं आणि ती जागा आपण नमस्कारात घालवतो. नमस्कार भागात करा, तिथे तो शोभतो.

दुसरी चूक जास्त खोल आहे आणि ती मेहनती मुलंच करतात. सगळा भाग कॅप्शनमध्ये कोंबायचा. मध्यंतरी एका तरुण जोडीने सयाजीराव महाराज आणि ग्रंथालयं या विषयावर पाऊण तासाचा सुंदर भाग केला. पाहुण्या इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका होत्या, बोलणं ओघवतं आणि मुद्देसूद. त्याची कॅप्शन मात्र अशी आली:

"सक्तीचं शिक्षण, अमेरिकेहून आलेले ग्रंथपाल बॉर्डन, पेट्यांमधून गावोगाव जाणारी पुस्तकं, सेंट्रल लायब्ररी आणि बरंच काही! ऐकायला विसरू नका."

यात खोटं काही नाही. 1910 साली विल्यम बॉर्डन बडोद्याला आले, फिरत्या ग्रंथालयांच्या पेट्या खेड्यांत जात, हे सगळं भागात आहे. पण ही अनुक्रमणिका झाली. अनुक्रमणिका वाचून कोणी हेडफोन शोधायला उठत नाही. "बरंच काही" हे शब्द तर मी दिसले की काढतेच, कारण त्यांतून वाचणाऱ्याला काहीच मिळत नाही.

मी त्या मुलांना विचारलं, "रेकॉर्डिंग चालू असताना तुम्ही दोघं कुठे चमकलात?" दोघांनी एकदमच सांगितलं, "ताई, ते काचेच्या जमिनीचं!" मग तेच घ्यायचं. कॅप्शन अशी झाली:

"मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत पुस्तकांच्या रॅकमधून चालताना पायाखाली काच असते. वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत झिरपावा म्हणून.
लोखंडी रॅक आणि काचेची जमीन असलेलं हे ग्रंथालय बडोद्यात का उभं राहिलं, ते 12:22 पासून ऐका."

पहिलं वाक्य डोळ्यांपुढे चित्र उभं करतं, दुसरं कारण सांगतं. जो भाग ऐकणारच नाही, त्यालाही एक नवी गोष्ट कळली. इथे नवखी मंडळी हमखास घाबरतात: सगळं सांगून टाकलं तर ऐकणार कोण? म्हणून मग "लायब्ररीच्या जमिनीचं रहस्य जाणून थक्क व्हाल" असलं काहीतरी लिहितात. मला हा आडमार्ग मुळीच पसंत नाही. लोक अशा ओळींना सरावलेत, अंगठा थांबत नाही. आणि काचेची जमीन सांगितल्याने भाग संपत नाही. उजेडाचं कारण कळलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: एका संस्थानाच्या राजाला ग्रंथालयाचा एवढा ध्यास का? त्याला पाहुण्यांची सलग वीस मिनिटं लागतात, ती कॅप्शनमध्ये मावणारच नाहीत. कॅप्शनमध्ये "काय" पूर्ण द्यावं, "कसं" आणि "का" यांचा मोठा वाटा भागासाठी राहतोच.

ही एक गोष्ट निवडायची कशी, तर माझी सवय साधी आहे. एडिट झालेला अंतिम भाग कागद-पेन्सिल घेऊन ऐकते आणि सूत्रसंचालकाचा सूर बदलतो, "थांबा, परत सांगा" असं तो म्हणतो, तिथली वेळ टिपते. मग त्यांतली एक गोष्ट घरात कुणाला तरी सहज सांगून बघते. समोरून "का बरं?" असं आलं तर कॅप्शन सापडली. "हो का" आलं तर पुढची वेळ बघायची. अंतिम भाग हा शब्द महत्त्वाचा, कारण कच्च्या रेकॉर्डिंगवरून कॅप्शन लिहिली आणि नेमका तोच तुकडा एडिटमध्ये उडाला, असंही होतं.

घाईची किंमत त्याच भागात दिसली. काचेच्या जमिनीआधी त्या मुलांनी दुसरी एक कॅप्शन टाकून पाहिली होती: "1893 मध्ये बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं!" ओळ छोटी, आकडा ठसठशीत. पण बाई भागात नेमकं काय म्हणाल्या होत्या? 1893 मध्ये प्रयोग सुरू झाला तो अमरेली भागातल्या काही गावांपुरता, आणि सगळ्या संस्थानाला सक्ती लागू झाली 1906 मध्ये. मधली ती तेरा वर्षं कॅप्शनमधून गळाली. रावपुऱ्यातल्या एका जाणकार काकांनी खाली दुरुस्ती लिहिली, त्यावर वाद सुरू झाला, आणि लोकांना वाटलं की चूक पाहुण्यांचीच. बाईंना त्याचं फार वाईट वाटलं, आणि ते साहजिक होतं. आयुष्यभर वर्गात जे जपून सांगितलं, तेच त्यांच्या नावाखाली मोडकं छापून आलं. खरं तर खरी हकीकतच जास्त धरून ठेवते: "आधी अमरेलीतली काही गावं, मग तेरा वर्षांनी सगळं संस्थान." म्हणून वाक्य लहान करताना "काही", "आधी", "फक्त" हे शब्द सर्वांत शेवटी कापा, आणि कॅप्शन पोस्ट करण्याआधी पाहुण्यांना पाठवा. दोन मिनिटांचं काम आहे. "वेळ नव्हता" हे मला पटत नाही.

आता लिंक. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये चिकटवलेली लिंक दाबली जात नाही, तिथे ती नुसती अक्षरं असतात. ती बायोत द्या, स्टोरीवर लिंक स्टिकर लावा, आणि कॅप्शनमध्ये "लिंक बायोत" एवढंच लिहा. व्हॉट्सॅपवर लिंक चालते, आणि आपल्याकडची वडीलधारी मंडळी तिथूनच ऐकतात. तिथे वर एक ओळ, खाली लिंक, आणि छोटं चित्र दिसू लागेपर्यंत थांबून मगच पाठवायचं.

लिंक भागाची द्या, चॅनलची नको. काचेच्या जमिनीसाठी आलेल्या माणसाला चॅनलवर सोडलं तर तो यादीत हरवतो. यूट्यूबवर नेमक्या क्षणावर नेता येतं: 12 मिनिटं 22 सेकंद म्हणजे 742 सेकंद, तो आकडा शेवटी जोडायचा.

```
https://youtu.be/VIDEO_ID?t=742
```

`VIDEO_ID` च्या जागी आपल्या भागाचा आयडी येतो. लिंकमध्ये आधीच `?` असेल, तर `?t=742` ऐवजी `&t=742` लिहायचं.

लिंक उघडत नाही अशी तक्रार आली तर बहुतेक वेळा कारण दोनांपैकी एक असतं. एक, पत्ता `studio.youtube.com` ने सुरू होतो. तो तुमच्या कामाच्या खोलीचा पत्ता आहे, पाहुण्यांना तिथे प्रवेश नाही. दोन, भाग उद्या सकाळी सातसाठी शेड्यूल केलाय आणि लिंक आज रात्रीच ग्रुपवर गेली. वेळ होईपर्यंत व्हिडिओ खाजगीच असतो. तुमच्या फोनवर दोन्ही छान उघडतात, कारण तिथे तुमचंच खातं चालू आहे. म्हणून लिंक तपासायची ती दुसऱ्याच्या फोनवर, किंवा ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत.

फक्त ॲपल पॉडकास्टची लिंक देऊ नका, बहुतेकांच्या हातात अँड्रॉइड असतो. "ऐका, शेअर करा, सबस्क्राइब करा, कळवा" या चारांपैकी एकच मागा, आणि ते "ऐका" असू द्या. आणि भाग चढल्यावर काही दिवसांनी बायोतली लिंक बदलली, तर जुन्या पोस्टवर "लिंक बायोत" वाचून येणाऱ्याला भलताच भाग मिळतो. इन्स्टाग्राम बायोत पाच लिंक ठेवू देतं, तेव्हा मागचे दोन-तीन भाग नावासकट तिथेच राहू द्या.