लाईट परत आल्यावर मेन ब्रेकर पडू नये म्हणून: मोटारी टप्प्याटप्प्याने कशा सुरू कराव्यात

पावसाळ्याच्या तोंडाशी वादळी वारे सुटतात, लाईन वारंवार जाते-येते, आणि एक तक्रार हमखास ऐकू येते. लाईट असताना सगळं तासन्‌तास नीट चालतं. लाईट जाऊन परत आली की मात्र मेन एमसीबी खाली पडते. वर केली की पुन्हा पडते. मग कुणीतरी सुचवतं की ब्रेकर कमजोर झालाय, मोठा बसवा. बहुतेक वेळा ब्रेकर चांगला असतो. सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात, तिथे गडबड होते.

थांबलेली मोटार सुरू होताना, थेट स्टार्टरवर असेल तर, चालू प्रवाहाच्या साधारण 6 पट अँपिअर ओढते. वेग पकडला की हा ओढा खाली येतो. सबमर्सिबल पंप एक सेकंदाच्या आतबाहेर वेग घेतो, पण जड पात्याच्या मोठ्या पंख्याला काही सेकंद लागतात. रोज सकाळी आपण एक मोटार चालू करतो, दहा मिनिटांनी दुसरी करतो, त्यामुळे हे उठाव एकमेकांवर चढत नाहीत. लाईट परत येते तेव्हा ऑटो स्विचवरच्या आणि साध्या स्विचवर चालू ठेवलेल्या सगळ्या मोटारी एकदम उठतात.

एका फार्मचं उदाहरण घेऊ. थ्री फेज लाईन, मेनला 32 अँपिअरची ‘सी’ प्रकारची एमसीबी. पोल्ट्री शेडमध्ये 1 एचपीचे 4 पंखे, प्रत्येकी 2 अँपिअर. बोअरवर 5 एचपीची सबमर्सिबल, साडेसात अँपिअर. दूध गार करणाऱ्या टाकीचा 3 एचपीचा कॉम्प्रेसर 5 अँपिअर आणि तेवढ्याच ताकदीची कडबाकुट्टी 5 अँपिअर. सगळं चालू असताना एकूण साडेपंचवीस अँपिअर होतात, म्हणजे 32 ला ते आरामात झेपतं. पण सगळं एकदम उठलं तर साडेपंचवीसच्या 6 पट, 153 अँपिअर. ‘सी’ प्रकारची एमसीबी तिच्या आकड्याच्या 5 ते 10 पटीच्या दरम्यान क्षणात पडते. 32 अँपिअरच्या बाबतीत ही हद्द 160 पासून सुरू होते. 153 तिच्या अगदी काठावर आहे, आणि पहिल्या क्षणी प्रवाह याहूनही वर उसळतो. त्यामुळे तीच एमसीबी एखाद दिवशी तग धरते आणि दुसऱ्या दिवशी पडते. तो तिचा लहरीपणा नाही, हिशोबच असा काठावरचा आहे.

तग धरली तरी पुढे आणखी एक अडचण असते. एवढा ओढा एकदम पडला की व्होल्टेज दबतं, आणि मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबाने घटतो. व्होल्टेज 80 टक्क्यांवर आलं तर जोर 64 टक्केच उरतो. मोटार गुंगुंग करते, पण वेग घेत नाही. वेग घेत नाही म्हणून उठावाचा मोठा प्रवाह ओढतच राहते, आणि त्यामुळे व्होल्टेज दबलेलंच राहतं. काही सेकंदांनी एमसीबीतली उष्णतेवर चालणारी पट्टी तापते आणि ब्रेकर पडतो. मोटारीचं वाइंडिंगही त्या काळात तापतच असतं. त्यातच ट्रान्सफॉर्मरवरच्या सगळ्या मोटारी त्याच वेळी उठत असतात, म्हणून लाईट आल्यानंतरची पहिली काही मिनिटं व्होल्टेजसाठी सगळ्यात वाईट असतात.

आता तेच फार्म टप्प्याटप्प्याने सुरू करू. आधी 2 पंखे, उठाव 24 अँपिअर. 15 सेकंदांनी पुढचे 2; आधीचे 4 अँपिअर आणि नवा उठाव 24 मिळून 28. तीन मिनिटांनी सबमर्सिबल; चालू पंख्यांचे 8 आणि तिचा उठाव 45 मिळून 53. पाचव्या मिनिटाला कॉम्प्रेसर. साडेपंधरा अधिक 30, म्हणजे साडेपंचेचाळीस. शेवटी कडबाकुट्टी, साडेवीस अधिक 30, साडेपन्नास. सगळ्यात मोठा आकडा 53 आणि तोही सेकंदभरासाठी. 32 अँपिअरची एमसीबी एवढ्याला दाद देत नाही.

हा क्रम ठरवताना मी आधी जनावरांचा विचार केला. बंद शेडमध्ये पंखे थांबले की पक्षी फार वेळ तग धरत नाहीत, म्हणून पंखे पहिले. निव्वळ विजेच्या हिशोबाने मोठी मोटार आधी आणि लहान नंतर हा नियम चांगला, कारण मोठीला उठताना व्होल्टेज पूर्ण मिळतं. लाईन कमजोर असेल किंवा जनरेटरवर चालवत असाल तर तो पाळावाच लागतो. तेव्हा पंखे फार वेळ खोळंबणार नाहीत इतपतच अंतर ठेवा.

सबमर्सिबलला तीन मिनिटं थांबवण्याचं कारण वेगळं आहे. लाईट गेली की पाइपातलं पाणी खाली येऊ लागतं. पाणी परत खाली येऊ न देणारा एनआरव्ही व्हॉल्व्ह नसेल किंवा गळत असेल तर ते पाणी पंप उलटा फिरवतं. उलट्या फिरणाऱ्या पंपाला वीज दिली तर उठाव नेहमीपेक्षा जड होतो आणि शाफ्ट किंवा कपलिंग तुटू शकतं. खोल बोअरमध्ये पाणी उतरायला जास्त वेळ लागतो, तिथे अंतर वाढवा. कॉम्प्रेसरचंही तसंच. बंद झाल्यावर दोन्ही बाजूंचा गॅसचा दाब सारखा व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात. त्याआधी सुरू केला तर तो दाबाविरुद्ध उठू पाहतो आणि अडकून बसतो. लाईट दोनच सेकंद झपकून परत आली तर पंप आणि कॉम्प्रेसर या दोघांनाही धोका जास्त असतो, कारण त्यांना थांबायला वेळच मिळालेला नसतो.

कडबाकुट्टी कधीही आपोआप सुरू होऊ देऊ नका. तिला ऑटो स्विच लावायचाच नाही. लाईट गेली तेव्हा पात्यांत चारा अडकलेला असतो, आणि तो काढायला माणूस हात घालतो. हिरवं बटण असलेला साधा स्टार्टर इथे योग्य. लाईट गेली की त्याचा कॉन्टॅक्टर सुटतो आणि कुणी बटण दाबेपर्यंत मोटार उठत नाही. चारा काढण्याआधी मेन स्विच बंद करा, आणि काढल्यावरच सुरू करा. अडकलेल्या चाऱ्यासकट सुरू केली तर वेग घेणारच नाही आणि एकटीच ब्रेकर पाडेल.

बाकीच्यांसाठी सोपा उपाय म्हणजे प्रत्येक स्टार्टरला ऑन-डिले टायमर. लाईट आली की टायमर मोजू लागतो आणि ठरलेल्या वेळेनंतर स्टार्टरच्या कॉइलला वीज देतो. टायमरचा पॉइंट कॉइलच्या तारेत येतो, मोटारीच्या मुख्य तारांत नाही. हे काम वायरमनकडूनच करून घ्या. मध्येच लाईट झपकली तर मोजणी शून्यापासून सुरू होणारा टायमर हवा. सेकंदांत चुकीला जागा असते म्हणून दोन टप्प्यांत 15 सेकंदांपेक्षा कमी अंतर ठेवू नका. पंखा जड असेल तर त्याचा आवाज एकसारखा होईपर्यंत किती सेकंद जातात ते मोजा आणि त्याच्या दुप्पट अंतर धरा.

इथे एक चूक मी वारंवार पाहिली आहे. बऱ्याच ऑटो स्विचमध्ये उशिराची सोय आधीच असते. बसवणारा ती सगळ्यांना एकसारखी लावून जातो, समजा 30 सेकंद. मग 30 सेकंदांनी सगळ्या मोटारी पुन्हा एकदमच उठतात आणि ब्रेकर पडतो. प्रत्येकाचा आकडा वेगळा आहे ना, हे स्वतः उघडून पाहा.

टायमर नसतील तर हाताने करता येतं. लाईट गेली की सगळे स्टार्टर बंद करायचे आणि ऑटो स्विच मॅन्युअलवर न्यायचे. लाईट आल्याचं कळावं म्हणून प्रत्येक फेजवर एक बल्ब चालू ठेवायचा. तिन्ही बल्ब सारखे उजळले की दोन-तीन मिनिटं थांबून वरच्या क्रमाने सुरू करायचं. एखादा मंद असेल तर थ्री फेजची एकही मोटार लावू नका. वादळानंतर लाईनची दुरुस्ती झाली असेल तर फेज उलटसुलट जोडले गेलेले असू शकतात. पंखा उलटा फिरतोय किंवा पंप चालू असून पाणी जेमतेम येतंय असं दिसलं तर लगेच बंद करून वायरमनला बोलवा.

क्रमाने सुरू करूनही ब्रेकर पडत असेल तर तो कधी पडतो ते पाहा. एखादी मोटार एकटी लावताच क्षणात पडला तर त्या मोटारीत किंवा केबलमध्ये शॉर्ट शोधावा लागेल. पुन्हा पुन्हा वर करू नका. पाच-दहा सेकंदांनी पडला तर कुणीतरी वेग घेत नाहीये: व्होल्टेज कमी, बेअरिंग जाम किंवा फेज गेलेला. सगळं चालू झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी पडला तर चालू लोडच जास्त आहे, टप्पे त्यावर काही करू शकत नाहीत. एकदा पडल्यावर दोन-चार मिनिटं थांबा, कारण तापलेली पट्टी पुढच्या वेळी लवकर पडते. पावसात टेस्ट बटणवाला गळतीचा ब्रेकर पडत असेल, तर बहुधा कुठेतरी ओल शिरलेली असते. तिथे आधी ओल शोधायची.

एमसीबी मोठी बसवणं टाळा, हे मी कळकळीने सांगतो. 32 च्या जागी 63 बसवली तर उठाव सहन होईल, पण ब्रेकर केबलच्या रक्षणासाठी असतो. जाडी तीच राहिलेली केबल उद्या जास्त प्रवाहात तापत राहील आणि ब्रेकर गप्प बसेल. तेवढ्याच अँपिअरची ‘डी’ प्रकारची एमसीबी हा मधला मार्ग आहे. ती 10 ते 20 पटीला क्षणात पडते. पण शॉर्ट झाल्यावर तेवढा प्रवाह तुमच्या लांब केबलमधून आणि अर्थिंगमधून वाहतो का, हे वायरमनने मोजूनच ती बसवावी. आणि व्होल्टेज दबण्याचा प्रश्न ‘डी’नेही सुटत नाही.

पहिला जोराचा पाऊस येण्याआधी, दिवसाउजेडी एकदा चाचणी घ्या. कडबाकुट्टी बंद ठेवून मेन बंद करा, पाच मिनिटांनी चालू करा. एका माणसाने मेनच्या एका फेजवर क्लॅम्प मीटर लावून बसावं, दुसऱ्याने घड्याळ धरावं. कोणती मोटार कितव्या मिनिटाला उठली आणि काटा कुठवर गेला ते कागदावर लिहा. साधा क्लॅम्प मीटर सेकंदाहून छोटी उसळी पूर्ण दाखवत नाही, पण दोन मोटारी एकदम उठल्या तर ते लगेच कळतं. मग तो कागद प्लास्टिकमध्ये घालून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा, म्हणजे रात्री टॉर्च घेऊन आलेल्या माणसाला क्रम विचारावा लागणार नाही.