परिपूर्ण संख्या आणि स्ट्राँग नंबर कसे तपासावेत: विभाजकांचा शोध वर्गमूळापाशी का थांबवायचा

एखादी संख्या स्वतःला वगळून उरलेल्या सर्व विभाजकांच्या बेरजेइतकी असेल, तर तिला परिपूर्ण संख्या किंवा परफेक्ट नंबर म्हणतात. २८ चे असे विभाजक १, २, ४, ७ आणि १४ आहेत आणि त्यांची बेरीज २८ च येते. प्रोग्रॅमिंग शिकताना हा प्रश्न फार लवकर भेटतो आणि बहुतेक जण तो एकाच सरळ मार्गाने सोडवतात: १ पासून संख्येच्या निम्म्यापर्यंत प्रत्येक आकड्याने भागून पाहायचे आणि बाकी शून्य आली की तो आकडा बेरजेत घ्यायचा. उत्तर बरोबर येते, पण ३,३५,५०,३३६ ही पाचवी परिपूर्ण संख्या तपासायची झाली, तर या पद्धतीत १,६७,७५,१६८ वेळा भागाकार करावा लागतो. वर्गमूळापर्यंतच थांबणाऱ्या पद्धतीत तेच काम ५,७९२ पेक्षाही कमी भागाकारांत होते.

विभाजक जोडीने येतात

ही बचत ज्या गोष्टीवर उभी आहे ती अगदी साधी आहे. एखादा आकडा संख्येला निःशेष भागत असेल, तर भागाकार म्हणून मिळणारा आकडाही त्या संख्येचा विभाजकच असतो, म्हणजे एक विभाजक सापडताच दुसरा आपोआप हाती लागतो. आता या जोडीतले दोन्ही आकडे वर्गमूळापेक्षा मोठे असू शकत नाहीत, कारण तसे असते तर त्यांचा गुणाकार मूळ संख्येच्या पुढे गेला असता. त्यामुळे प्रत्येक जोडीतला निदान एक आकडा वर्गमूळाइतका किंवा त्याहून लहान असतोच. तो लहान जोडीदार शोधला की मोठा शोधत फिरण्याची गरज उरत नाही.

हे ४९६ वर हाताने करून पाहू. २२ चा वर्ग ४८४ आणि २३ चा वर्ग ५२९, म्हणून शोध २२ पर्यंतच करायचा. बेरीज १ पासून सुरू करू, कारण १ हा प्रत्येक संख्येचा विभाजक असतो आणि त्याचा जोडीदार, म्हणजे स्वतः ४९६, आपल्याला नको आहे. २ ने भाग जातो व जोडीदार २४८ मिळतो, म्हणून बेरीज २५१ होते. ३ ने भाग जात नाही. ४ सोबत १२४ येतो आणि बेरीज ३७९ वर जाते. ५, ६ आणि ७ निष्फळ ठरतात, ८ सोबत ६२ येतो आणि बेरीज ४४९ होते. त्यानंतर थेट १६ पाशी भाग जातो, जोडीदार ३१ मिळतो आणि ४४९ मध्ये ४७ मिळवून ४९६ येतात. १७ ते २२ मध्ये काहीही सापडत नाही, पण ते आकडे तपासल्याशिवाय मात्र निकाल देता येत नाही, कारण तिथे आणखी एखादी जोडी निघाली असती तर बेरीज ४९६ च्या पुढे गेली असती. बेरीज संख्येइतकी होताच मध्येच थांबून होकार देणारे प्रोग्रॅम मी पाहिले आहेत. तसे केल्यास ३६ ही संख्या फसवते: १, मग २ व १८, मग ३ व १२ असे घेत गेल्यावर बेरीज नेमकी ३६ होते, पण ४ व ९ ही जोडी आणि ६ अजून उरलेले असतात आणि पूर्ण बेरीज ५५ येते. म्हणजे अर्धवट बेरजेला स्वतःचा काही अर्थ नसतो. शेवटची बेरीजच पाहावी.

प्रोग्रॅम लिहिताना

पायथॉनमध्ये ही तपासणी अशी लिहिता येते:

```python
def is_perfect(n):
    if n < 2:
        return False
    total = 1
    i = 2
    while i * i <= n:
        if n % i == 0:
            total += i
            j = n // i
            if j != i:
                total += j
        i += 1
    return total == n
```

पहिल्या दोन ओळी दिखाऊ नाहीत. बेरीज १ पासून सुरू होत असल्यामुळे `n` ची किंमत १ दिली, तर लूप एकदाही फिरत नाही, बेरीज १ च राहते आणि १ परिपूर्ण ठरतो. प्रत्यक्षात १ ला स्वतःशिवाय दुसरा विभाजकच नाही, त्यामुळे त्याची बेरीज शून्य आहे. लूप २ ऐवजी १ पासून सुरू केला, तर वेगळीच गडबड होते: १ चा जोडीदार म्हणून मूळ संख्याच बेरजेत शिरते आणि कोणतीही संख्या परिपूर्ण ठरत नाही.

लूपची अट `i * i <= n` अशी ठेवण्यामागेही कारण आहे. अनेक जण वर्गमूळ काढून `range(2, int(n ** 0.5))` असे लिहितात आणि `range` शेवटचा आकडा घेत नाही हे विसरतात. गंमत म्हणजे २८, ४९६ आणि ८,१२८ या तिन्ही संख्यांसाठी हा चुकीचा प्रोग्रॅमही बरोबर उत्तर देतो, कारण त्यांच्या बाबतीत नेमका वर्गमूळाचा पूर्णांक भाग हा विभाजक नसतो. ६ ला मात्र तो नापास करतो: ६ च्या वर्गमूळाचा पूर्णांक भाग २ आहे, `range(2, 2)` रिकामा राहतो आणि २ व ३ ही जोडी सुटून जाते. म्हणून चाचणी करताना ६ वगळू नये, ती सर्वांत लहान असली तरी सर्वांत उपयोगी चाचणी आहे.

सी किंवा जावामध्ये ३२ बिटांच्या `int` वर हेच लिहिताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. `n` त्या प्रकारच्या कमाल मर्यादेला, म्हणजे २,१४,७४,८३,६४७ ला टेकलेला असेल, तर `i` ४६,३४१ झाल्यावर त्याचा वर्ग त्या मर्यादेबाहेर जातो आणि अट बिघडते. तिथे `i <= n / i` असे लिहिले की गुणाकारच टळतो. उलट पायथॉनमध्ये जोडीदार काढताना `/` न वापरता `//` वापरावे, नाहीतर बेरीज दशांश प्रकारात जाते आणि फार मोठ्या संख्यांत शेवटचे अंक हरवतात.

लपून राहणारी चूक

`if j != i` ही ओळ मला या सगळ्या प्रोग्रॅममधली सर्वांत महत्त्वाची वाटते. संख्या पूर्ण वर्ग असेल, तर वर्गमूळ हा विभाजक स्वतःचाच जोडीदार असतो. ३६ च्या जोड्या पाहिल्या तर २ व १८, ३ व १२, ४ व ९ आणि शेवटी ६ व ६ अशा येतात. ही ओळ नसेल तर ६ दोनदा मिळवला जातो आणि ५५ ऐवजी ६१ बेरीज येते.

पण ३६ परिपूर्ण आहे का असे विचारले, तर ५५ वरूनही उत्तर 'नाही' येते आणि ६१ वरूनही 'नाही'च येते. ४९, ६४ आणि १०० वरही हेच होते. पूर्ण वर्ग परिपूर्ण कधीच असू शकत नाही, म्हणून खरे उत्तर नेहमी नकारार्थीच असते आणि चुकलेली बेरीजही या संख्यांत नकारच देते. पूर्ण वर्ग परिपूर्ण का नसतो, हेही जोड्यांवरूनच कळते. ३६ चे विषम विभाजक १, ३ आणि ९ आहेत, म्हणजे तीन. कोणत्याही पूर्ण वर्गातून २ चे सगळे घात काढून टाकले की उरलेला विषम भागही पूर्ण वर्गच असतो, त्याच्या विभाजकांत वर्गमूळ एकटे राहते आणि म्हणून विषम विभाजकांची संख्या विषम येते. त्यामुळे सर्व विभाजकांची एकूण बेरीज विषम होते (३६ साठी ती ९१ आहे). परिपूर्ण संख्येत मात्र ही एकूण बेरीज संख्येच्या नेमकी दुप्पट, म्हणजे सम असावी लागते.

म्हणून होय किंवा नाही एवढेच पाहून हा प्रोग्रॅम तपासू नये. तपासताना `return` च्या आधी `total` छापून पाहावा आणि ३६ साठी ५५, ४९ साठी ८ व १६ साठी १५ येतात का ते पाहावे. हेच फंक्शन पुढे विभाजकांची यादी किंवा बेरीज काढण्यासाठी वापरले जाते, तेव्हा ही चूक अचानक बाहेर येते आणि ती कुठून आली हे शोधायला फार वेळ जातो.

स्ट्राँग नंबर: इथे वर्गमूळाचे काम नाही

स्ट्राँग नंबर बहुधा याच धड्यात शिकवला जातो आणि त्यामुळे काही जण त्यालाही विभाजकांचा लूप लावतात. त्याचा विभाजकांशी संबंध नाही. संख्येच्या प्रत्येक अंकाचे क्रमगुणित काढून त्यांची बेरीज मूळ संख्येइतकी आली, तर ती स्ट्राँग. १४५ मध्ये १, २४ आणि १२० यांची बेरीज १४५ होते.

```python
FACT = [1, 1, 2, 6, 24, 120, 720, 5040, 40320, 362880]

def is_strong(n):
    if n < 1:
        return False
    m, total = n, 0
    while m > 0:
        total += FACT[m % 10]
        m //= 10
    return total == n
```

अंक दहाच असल्यामुळे क्रमगुणिते आधीच यादीत लिहून ठेवली आहेत. `m` ही वेगळी प्रत घेतली नाही, तर अंक काढता काढता `n` शून्य होतो आणि शेवटी बेरजेची तुलना शून्याशी होऊन १४५ सुद्धा नापास होते. यादीतला पहिला १ शून्याच्या क्रमगुणितासाठी आहे, तिथे चुकून ० लिहिले तर १४५ वर काहीच कळत नाही, पण ४०,५८५ वर कळते. तिच्या अंकांची क्रमगुणिते २४, १, १२०, ४०,३२० आणि १२० आहेत, आणि मधला १ सुटला की बेरीज ४०,५८४ येते. `n` शून्य दिला तर लूप फिरत नाही व शून्य बरोबर शून्य ठरते, म्हणून सुरुवातीची अट इथेही ठेवली आहे.

हा शोध कुठे थांबवायचा हे निश्चित सांगता येते. आठ अंकी संख्येचे सगळे अंक ९ धरले, तरी बेरीज २९,०३,०४० च येते, आणि ती सात अंकीच आहे. अंक वाढतील तसे हे अंतर वाढतच जाते. सात अंकांसाठी कमाल बेरीज २५,४०,१६० आहे, म्हणून त्यापुढे पाहण्याची गरज नाही, आणि तिथवर शोधल्यावर १, २, १४५ आणि ४०,५८५ या चारच संख्या मिळतात.

परिपूर्ण संख्यांना अशी सोयीची मर्यादा नाही. सहावी संख्या ८,५८,९८,६९,०५६ आहे आणि तिच्यासाठी सुमारे ९२,७०० फेऱ्या पुरतात. पण आठवी, म्हणजे २३०५८४३००८१३९९५२१२८, तपासायला वर्गमूळापर्यंत सुमारे १५२ कोटी फेऱ्या लागतात, आणि वरचा पायथॉन प्रोग्रॅम तिथे वाट पाहायला लावतो.